मॉर्फ ट्रान्झिशन: एका पानाच्या फोटोतून पर्णरंध्राच्या आत जाणाऱ्या पाच स्लाइड

पॉवरपॉइंटमध्ये एखादी वस्तू हलवायची म्हटलं की बहुतेकांचा हात आधी अॅनिमेशनच्या टॅबकडे जातो. मग मोशन पाथची रेघ ओढायची, तिचं टोक नेमकं जागेवर आणायचं, आकार वाढवायला दुसरा इफेक्ट लावायचा, दोघांची वेळ जुळवायची. शेवटी यादीत वीस ओळी जमतात आणि त्यातली कुठली ओळ कशासाठी होती, ते आठवत नाही. मॉर्फची रीत याच्या उलट आहे. वस्तू कशी हलणार हे सांगायचंच नाही. पहिल्या स्लाइडवर ती कुठे होती आणि दुसऱ्या स्लाइडवर कुठे आहे, एवढंच दाखवायचं. मधला प्रवास पॉवरपॉइंट स्वतः भरून काढतो.

हे जमतं कशामुळे, ते एकदा नीट समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. मॉर्फ दोन स्लाइड शेजारी ठेवून जोड्या शोधतो. या स्लाइडवरचा हा गोल म्हणजे त्या स्लाइडवरचा तो गोल, इथला फोटो म्हणजे तिथला फोटो. जोडी सापडली की जागा, आकार, फिरवलेला कोन, रंग यांतला फरक तो हळूहळू भरत नेतो. जोडी सापडली नाही तर जुनी वस्तू विरून जाते आणि नवी वस्तू आपल्या जागी उमटते. मॉर्फमध्ये जे जे बिघडतं, त्यातलं बरंचसं जोडी न जुळल्यामुळे किंवा चुकीची जुळल्यामुळे बिघडतं. म्हणून या लेखात मी इफेक्टपेक्षा जोड्यांबद्दल जास्त बोलणार आहे.

मी जीवशास्त्र शिकवते, म्हणून उदाहरणही त्यातलंच घेते. झाडाच्या पानावर अतिशय बारीक छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी असतात. त्यांत पाणी भरलं की त्या फुगतात आणि मधली फट उघडते, पाणी कमी झालं की फट मिटते. आपल्याला दाखवायचंय असं: पूर्ण पान, मग पानाच्या एका भागाच्या जवळ जाणं, तिथून रंध्राची मोठी आकृती, मग रंध्र उघडणं, आणि शेवटी पुन्हा पानाकडे. यात फोटो, आकार आणि मजकूर या तिन्हींची हालचाल येते.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी

मॉर्फ Microsoft 365 मध्ये आहे, तसाच पॉवरपॉइंट 2019 आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत आहे. 2013 सारख्या जुन्या आवृत्तीत तीच फाइल उघडली तर मॉर्फच्या जागी साधा फेड दिसतो. फाइल बिघडत नाही, पण हालचाल उरत नाही. मी एकदा पाहुणी म्हणून व्याख्यानाला गेले होते आणि तिथल्या संगणकावर जुनी आवृत्ती होती. रंध्र उघडण्याची स्लाइड आली आणि मिटलेलं चित्र विरून उघडं चित्र आलं. ते कसं उघडलं, हेच नेमकं दिसलं नाही. तेव्हापासून दुसऱ्याच्या संगणकावर दाखवायचं असेल तर मी त्याच सादरीकरणाचा MP4 सोबत नेते. `File`, `Export`, `Create a Video` या वाटेने तयार केलेल्या व्हिडिओत मॉर्फ जसाच्या तसा उतरतो. पीडीएफमध्ये मात्र प्रत्येक स्लाइडचं एक स्थिर पान होतं, त्यामुळे वाटायच्या प्रतीचा विचार वेगळा करावा लागतो.

दुसरी गोष्ट फोटोची. आपण फोटो तिप्पट मोठा करणार आहोत, म्हणजे पडद्यावर त्याच्या रुंदीचा एक तृतीयांश भागच दिसेल. पडदा 1920 पिक्सेल रुंद असेल तर तिप्पट केल्यावरही फोटो पूर्ण धारदार दिसायला मूळ फोटो 5760 पिक्सेल रुंद हवा. 4000 पिक्सेलचा फोटो असेल तर दिसणाऱ्या भागात साधारण 1333 पिक्सेल येतात. थोडा मऊपणा येतो, पण वर्गात चालून जातं. 1500 पिक्सेलचा फोटो मात्र घेऊ नका, जवळ गेल्यावर पानाच्या शिरांऐवजी चौकोनी ठिपके दिसतील. फोटो टाकण्याआधी `File`, `Options`, `Advanced` मध्ये जाऊन `Image Size and Quality` या भागातल्या `Do not compress images in file` वर खूण करा. ती खूण नसेल तर सेव्ह करताना पॉवरपॉइंट फोटो लहान करू शकतो, आणि मोठ्या फोटोची मेहनत वाया जाते.

पहिली आणि दुसरी स्लाइड: फोटोच्या जवळ जाणं

नवं सादरीकरण उघडा. नेहमीची रुंद स्लाइड 33.87 सेंमी रुंद आणि 19.05 सेंमी उंच असते. हे आकडे लक्षात असू द्या, कारण पुढे सगळ्या जागा त्यांच्यावरून काढायच्या आहेत. तुमच्याकडे मापं इंचांत दिसत असतील तर चौकटीत आकड्यापुढे `cm` लिहा, पॉवरपॉइंट स्वतः बदलून घेतो.

रिकाम्या स्लाइडवर पानाचा फोटो टाका आणि तो पूर्ण स्लाइड भरेल असा बसवा. फोटोचं प्रमाण वेगळं असेल तर आत्ताच क्रॉप करून स्लाइडएवढा करा. वर एका टेक्स्ट बॉक्समध्ये शीर्षक लिहा: पानावरची रंध्रं.

आता डावीकडच्या पट्टीत ही स्लाइड निवडून `Ctrl+D` दाबा. तिची प्रत तयार होईल. नवी स्लाइड उघडून तोच फोटो पुन्हा टाकण्यापेक्षा प्रत काढणं नेहमीच बरं, कारण प्रतीतल्या प्रत्येक वस्तूची मूळ वस्तूशी जोडी आपोआप जुळलेली असते. मॉर्फसाठी स्लाइड बनवण्याची रीतच ही: आधी प्रत, मग बदल.

दुसऱ्या स्लाइडवर फोटोवर उजवं क्लिक करून `Format Picture` किंवा `Size and Position` उघडा. उजवीकडे जो कप्पा येतो, त्यात `Size` आणि `Position` असतात. `Lock aspect ratio` वर खूण आहे ना, ते पाहा आणि रुंदी 101.6 सेंमी करा. उंची आपोआप 57.15 सेंमी होईल. फोटो आता स्लाइडच्या कितीतरी बाहेर गेलेला दिसेल. त्याची काळजी नको, कारण सादर करताना स्लाइडबाहेरचं काही दिसत नाही.

आता ज्या जागेजवळ जायचंय ती जागा बरोबर मधे आणायची. माउसने ओढूनही जमतं, पण मला आकडेमोड जास्त भरवशाची वाटते आणि ती लहानशीच आहे. समजा पहिल्या स्लाइडवर ती जागा डावीकडून 22 सेंमी आणि वरून 8 सेंमीवर होती. फोटो तिप्पट झाला, म्हणजे फोटोच्या कोपऱ्यापासून ती जागा आता 66 आणि 24 सेंमीवर गेली. स्लाइडचा मध्य 16.93 आणि 9.53 वर आहे. 16.93 मधून 66 वजा केले की −49.07 येतात, आणि 9.53 मधून 24 वजा केले की −14.47. हेच दोन आकडे `Horizontal position` आणि `Vertical position` मध्ये लिहा. एक तपासणी मात्र करा: फोटोची उजवी आणि खालची कड स्लाइडच्या आत तर आली नाही ना? इथे उजवी कड −49.07 अधिक 101.6, म्हणजे 52.53 वर आहे, स्लाइडच्या खूप बाहेर. ठीक आहे. निवडलेली जागा फोटोच्या अगदी काठावर असती तर मात्र एका बाजूला रिकामी पट्टी उघडी पडली असती.

हेच काम क्रॉप करूनही होतं. मूळ फोटो आणि त्यातला छोटा क्रॉप केलेला तुकडा यांच्यातही मॉर्फ सुरेख चालतो. फोटो स्लाइडच्या एका चौकटीतच राहायला हवा असेल तर क्रॉपच करावं लागतं. त्या वेळी `Compress Pictures` मधलं `Delete cropped areas of pictures` वापरू नका. क्रॉप करून झाकलेला भाग फाइलमधून पुसला गेला की परत मागे जाताना दाखवायला तो उरत नाही.

शीर्षक दुसऱ्या स्लाइडवर नको असेल तर ते पुसू नका. ओढून स्लाइडच्या वरच्या कडेबाहेर ठेवा. पुसलं तर ते जागच्या जागी विरून जाईल, बाहेर ठेवलं तर वर सरकत निघून जाईल. फोटो पुढे येत असताना शीर्षक वर सरकलं की आपणच पानाच्या आत शिरतोय, असं वाटतं.

आता ट्रान्झिशन लावायचं. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो: ट्रान्झिशन नेहमी पोहोचायच्या स्लाइडवर लावायचं, निघायच्या स्लाइडवर नाही. म्हणून दुसरी स्लाइड निवडा, `Transitions` टॅबवर जा आणि `Morph` वर क्लिक करा. `Duration` मध्ये 2 सेकंद आधीच भरलेले असतात. फोटोच्या जवळ जाण्यासाठी ते बरोबर आहेत. पहिली स्लाइड निवडून `Shift+F5` दाबा आणि एकदा पुढे जा. पान तुमच्याकडे येताना दिसायला हवं.

आकारांना नावं देणं

दुसऱ्या स्लाइडवरच रंध्राची छोटी खूण करायची आहे. मधोमध 3 सेंमी व्यासाचा फिक्या रंगाचा गोल काढा: `Horizontal position` 15.43, `Vertical position` 8.03. त्याच्या आत दोन हिरवे लंबगोल, प्रत्येकी 0.3 सेंमी रुंद आणि 0.8 सेंमी उंच, एकमेकांना चिकटून. डाव्याची जागा 16.63 आणि 9.13, उजव्याची 16.93 आणि 9.13. या झाल्या दोन रक्षक पेशी. त्यांच्या मधे, सगळ्यांच्या वर, गडद रंगाचा अगदी बारीक लंबगोल ठेवा. ती फट. 0.05 सेंमी रुंद आणि 0.5 सेंमी उंच पुरे, डोळ्याला ती जेमतेम दिसेल.

जी फट दिसतच नाही, ती इथे कशाला ठेवायची, असं वाटेल. मीही आधी ती थेट तिसऱ्या स्लाइडवर काढली होती. चालवून पाहिल्यावर लक्षात आलं की पेशी अजून लहान असतानाच पाच सेंमीची मोठी फट त्यांच्या बाहेर, हवेत उमटायला लागते आणि पेशी मागाहून तिच्यापर्यंत वाढत जातात. जोडी नसलेली वस्तू आपल्या शेवटच्या मापाची होऊनच उमटते, वाढत येत नाही. म्हणून पुढच्या स्लाइडवर जे वाढणार आहे, त्याचं बी आधीच्या स्लाइडवर पेरलेलं हवं.

आता नावं. `Alt+F10` दाबा, `Selection Pane` उघडेल. `Home` टॅबवर `Arrange` मध्येही तो आहे. त्यात स्लाइडवरच्या प्रत्येक वस्तूचं नाव दिसतं: `Oval 4`, `Oval 5`, `Oval 6` अशी. तीन लंबगोल आणि एक गोल, सगळेच `Oval`. सारख्या जातीच्या वस्तू अशा शेजारी आल्या की मॉर्फ कधीकधी चुकीची जोडी लावतो, आणि डावी पेशी उजवीकडे जाताना दिसते. त्याला संधीच द्यायची नाही. नावावर दोनदा क्लिक करून ही नावं लिहा:

```
!!फलक
!!डावी पेशी
!!उजवी पेशी
!!फट
```

नावाच्या सुरुवातीच्या दोन उद्गारचिन्हांमुळे मॉर्फला हुकूम मिळतो: या स्लाइडवरचं `!!फट` आणि पुढच्या स्लाइडवरचं `!!फट` ही एकच वस्तू समज. नाव दोन्ही स्लाइडवर अक्षरन् अक्षर तेच हवं, मधली मोकळी जागासुद्धा तीच. एकाच स्लाइडवर एकच नाव दोघांना पडलं तर पुन्हा गोंधळ होतो. पेशीची प्रत काढून दुसरी पेशी बनवली की नाव सोबत आलेलं असू शकतं, तेव्हा प्रत काढल्यावर पॅनकडे एकदा पाहा.

प्रत्येक वस्तूला नाव द्यायलाच हवं असं नाही. फोटो आणि शीर्षक एकेकच आहेत, त्यांची जोडी आपोआप लागते. मी नाव देते ते दोनच वेळी: सारख्या दिसणाऱ्या वस्तू एकापेक्षा जास्त असतील तेव्हा, किंवा आकाराची जातच बदलायची असेल तेव्हा. ती दुसरी वेळ आता येतेच आहे.

तिसरी स्लाइड: गोलाचा फलक होतो

दुसऱ्या स्लाइडची `Ctrl+D` ने प्रत काढा. प्रतीसोबत वस्तूंची नावं येतात आणि ट्रान्झिशनही येतं, त्यामुळे तिसऱ्या स्लाइडवर `Morph` आधीच लागलेला असेल.

`!!फलक` निवडा. `Shape Format` टॅबवर `Edit Shape`, मग `Change Shape`, आणि तिथून गोल कोपऱ्यांचा आयत घ्या. माप 22 बाय 16 सेंमी, जागा 5.93 आणि 1.53. नाव तेच राहतं, म्हणून छोटा गोल पसरत पसरत मोठा फलक होईल. वर्तुळापासून आयतापर्यंतचा हा बदल नावाशिवाय भरवशाचा नाही. वेगळ्या जातीचे दोन आकार दिसले की मॉर्फ त्यांना दोन वेगळ्या वस्तू समजू शकतो, आणि एक विरून दुसरा उमटतो.

पेशी मोठ्या करा: दोन्ही 3 सेंमी रुंद, 8 सेंमी उंच, वरून 5.53 वर. डावी 13.93 वर, उजवी 16.93 वर, म्हणजे दोघी स्लाइडच्या मध्यरेषेवर चिकटतात. फट 0.2 सेंमी रुंद, 5 सेंमी उंच, जागा 16.83 आणि 7.03. फलक पेशींच्या मागे आणि फट सगळ्यांच्या पुढे, हा क्रम तिन्ही स्लाइडवर तोच ठेवा. पॅनच्या यादीत जे वर ते पुढे. क्रम बदलला तर हालचाल सुरू असतानाच एक वस्तू दुसरीच्या मागून एकदम पुढे आलेली दिसते आणि डोळ्याला धक्का बसतो.

या चार वस्तूंचा ग्रुप करून एकदम मोठं करायचा मोह होईल. ग्रुप करायचाच असेल तर सगळ्या स्लाइडवर करा. एका स्लाइडवर सुट्या आणि दुसऱ्यावर ग्रुपमध्ये, अशा ठेवल्या तर जोड्या मोडतात. इथे पेशी आणि फट पुढे वेगवेगळ्या मापाने बदलणार आहेत, म्हणून मी त्या सुट्याच ठेवते.

पेशींच्या खाली, वरून साधारण 14 सेंमीवर, एक टेक्स्ट बॉक्स घ्या आणि लिहा: पाणी कमी, रंध्र बंद. अक्षरं मोठी ठेवा, 32 पॉइंटच्या आसपास. बॉक्सची रुंदी फलकाएवढी करा आणि मजकूर मधे आणा, म्हणजे शब्द बदलले तरी ओळ तुटणार नाही.

चौथी स्लाइड: रंध्र उघडतं

सगळ्या खटाटोपाचं कारण ही स्लाइड आहे. तिसरीची प्रत काढा आणि फक्त मापं बदला.

पेशी फुगतात. म्हणून दोघींची रुंदी 3 वरून 4 सेंमी करा. `Lock aspect ratio` ची खूण आधी काढा, नाहीतर उंचीही वाढेल. रुंदी वाढली तरी त्यांच्या आतल्या कडा मध्यरेषेवरच राहायला हव्यात, म्हणून डावी पेशी 12.93 वर सरकवा, उजवी 16.93 वरच राहू द्या. फट 0.2 वरून 2.4 सेंमी रुंद करा आणि 15.73 वर ठेवा, म्हणजे तिचा मध्य पुन्हा 16.93 वर येतो. गडद फट आता दोन्ही पेशींच्या आतल्या बाजू झाकते, आणि ज्या पेशी लंबगोल होत्या त्या बाक आलेल्या, शेंगेतल्या दाण्यासारख्या दिसायला लागतात. खऱ्या रक्षक पेशींचा आकारही बऱ्याच झाडांत तसाच असतो. एकही वक्ररेषा हाताने काढावी लागली नाही. आवडत असेल तर पेशींचा हिरवा रंग थोडा ताजा करा, रंगही हळूहळू बदलत जाईल.

मजकूर बदला: पाणी भरलं, रंध्र उघडं. बॉक्स तोच ठेवा, फक्त शब्द बदला. आता `Transitions` टॅबवर `Morph` शेजारच्या `Effect Options` मध्ये जा. तिथे `Objects`, `Words` आणि `Characters` असे तीन पर्याय असतात. `Objects` असताना पूर्ण बॉक्स एक वस्तू मानला जातो, आणि जुनी ओळ विरून नवी ओळ उमटते. `Words` निवडलं की मॉर्फ दोन्ही ओळींतले समान शब्द शोधतो. आपल्या ओळींत पाणी आणि रंध्र हे दोन शब्द समान आहेत. ते आपापल्या नव्या जागी सरकतात, आणि बदललेले शब्द तेवढे विरून नवे येतात. पाहणाऱ्याचं लक्ष आपोआप बदललेल्या शब्दांवर जातं. पेशी आणि फट यांची हालचाल या पर्यायातही चालूच राहते.

`Characters` मध्ये सुटं सुटं अक्षर हलतं. देवनागरी मजकुरासाठी मी तो वापरत नाही. आपल्या लिपीत मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षर मिळून एक अक्षर होतं. ते तुकड्यातुकड्यांनी उडताना दिसलं तर वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही. रासायनिक सूत्रं किंवा आकडे असतील तिथे मात्र तो उपयोगी पडतो, एखादा अंक समीकरणाच्या या बाजूकडून त्या बाजूला नेताना वगैरे.

या स्लाइडचा `Duration` 3 सेकंद करा. फोटोच्या जवळ जाणं हा नुसता प्रवास होता, तो लवकर संपला तरी चालतो. इथे हालचाल हाच विषय आहे आणि ती डोळे भरून दिसायला हवी. वेळ बदलल्यावर शेजारच्या `Apply To All` वर चुकून क्लिक करू नका. तसं झालं तर सगळ्या स्लाइडना हेच ट्रान्झिशन आणि हीच वेळ लागते, पहिल्या स्लाइडलासुद्धा.

मॉर्फचा वेग आपल्या हातात नसतो, हेही इथेच सांगते. वस्तू सुरुवातीला हळू निघते, मधे वेग घेते आणि शेवटी पुन्हा हळू होत थांबते. वाट नेहमी सरळ रेषेची. वळणावळणाने न्यायचं असेल तर मधे आणखी स्लाइड घालाव्या लागतात, आणि प्रत्येक टप्प्यावर वस्तू क्षणभर मंदावते. तेच फिरवण्याचं. एखादं चाक पूर्ण 360 अंश फिरवलं तर ते होतं तिथेच येतं, मॉर्फला फरकच दिसत नाही आणि चाक हलत नाही. त्याला तीन स्लाइडमध्ये 120 अंशांनी फिरवावं लागतं. सलग, एकसारख्या वेगाने फिरणारं चाक हवं असेल तर तिथे जुनं `Spin` अॅनिमेशनच चांगलं.

पाचवी स्लाइड: परत बाहेर

दुसऱ्या स्लाइडची प्रत काढून ती डावीकडच्या पट्टीत ओढून शेवटी आणा. नावं तीच असल्यामुळे मोठा फलक आकसून पुन्हा छोटा गोल होतो आणि पेशी त्यात शिरतात. फक्त या प्रतीत रंध्र मिटलेलं आहे. विद्यार्थ्याला वाटेल, परत जाताना रंध्र मिटतं. म्हणून या छोट्या फटीचीही रुंदी 0.05 वरून 0.2 करा. पडद्यावर ती ठिपक्याएवढीच दिसेल, पण आकसत जाताना रंध्र उघडंच राहील. त्यानंतर पहिल्या स्लाइडची प्रत लावून `Morph` दिला तर पूर्ण पानही परत मिळतं.

हलायला हवं ते हललं नाही तर

शोधायची माझी रीत अशी. त्या स्लाइडचा `Duration` तात्पुरता 6 सेकंद करते आणि संशयित वस्तूकडे टक लावून बघते. वस्तू जुन्या जागी फिकट होतेय आणि नव्या जागी उमटतेय, म्हणजे जोडी जुळलेली नाही. दोन्ही स्लाइडवरचे `Selection Pane` पाहायचे आणि दोघांना तेच `!!` नाव द्यायचं. वस्तू हलतेय पण भलतीकडे चाललीय, म्हणजे जोडी चुकीची लागलीय. उपाय तोच. काहीच हलत नाही, सगळी स्लाइड एकदम बदलते, म्हणजे ट्रान्झिशन चुकीच्या स्लाइडवर लावलंय.

याहून फसवा एक प्रकार आहे. वस्तू पहिल्या स्लाइडवर दिसते, ट्रान्झिशन सुरू होताच नाहीशी होते आणि नंतर क्लिक केल्यावर परत येते. अशा वेळी त्या वस्तूवर दुसऱ्या स्लाइडमध्ये प्रवेशाचं अॅनिमेशन असतं. प्रवेश व्हायचाय, म्हणजे स्लाइड सुरू होताना ती तिथे नसणार, आणि जी नाही तिच्याकडे मॉर्फ नेणार कोणाला? `Animations` टॅबवर `Animation Pane` उघडून त्या वस्तूची ओळ काढून टाका. मॉर्फ संपल्यावर नव्याने यायच्या गोष्टींना मात्र प्रवेशाचं अॅनिमेशन चांगलं शोभतं. आपल्या चौथ्या स्लाइडवर पेशींकडे बोट दाखवणारे बाण आणि ‘रक्षक पेशी’ ही चिठ्ठी मी `Fade` आणि `After Previous` लावून आणते, म्हणजे रंध्र उघडून स्थिर झाल्यावरच नाव दिसतं. आधी नाव आलं तर मुलं नाव वाचत बसतात आणि उघडणारी फट पाहायचीच राहते.

आलेखांकडून फार अपेक्षा ठेवू नका. `Insert`, `Chart` मधून आणलेल्या आलेखाचे स्तंभ मॉर्फने उंच होत नाहीत, एक आलेख विरून दुसरा येतो. मला स्तंभ वाढताना दाखवायचे असतात तेव्हा मी ते साध्या आयतांनी काढते, प्रत्येकाला `!!स्तंभ 1`, `!!स्तंभ 2` अशी नावं देते आणि आकड्यांच्या प्रमाणात उंची भरते. सगळ्यांच्या तळाची कड एका रेषेत राहावी म्हणून उंची जितकी वाढवाल तितकी `Vertical position` कमी करा. तक्त्याचंही तसंच, पूर्ण तक्ता सरकतो आणि लहानमोठा होतो, पण आतले आकडे एका कप्प्यातून दुसऱ्यात जात नाहीत.